शपथपत्र, स्वयंघोषणापत्र की हमीपत्र? कोणत्या अर्जाला कोणता कागद

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मोहल्ल्यातले एक पालक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. फळांचा धंदा, जात बागवान, मुलगी फार्मसीला जाणार. पिशवीत पाच स्टॅम्प पेपर होते, प्रत्येक पाचशे रुपयांचा, वर टायपिंग आणि नोटरीचा खर्च वेगळा. एक उत्पन्नाचे, एक रहिवासाचे, एक ‘आम्ही मुस्लिम अल्पसंख्याक आहोत’ असे सांगणारे, एक मुलीच्या वाया गेलेल्या वर्षाचे आणि एक रॅगिंग न करण्याचे. वर त्यांचा प्रश्न : “सर, धाकट्याच्या जन्म दाखल्यासाठी सहावं पण आजच करून घेऊ का? टायपिंगवाला म्हणतो, एकदम केलं तर कमी घेईन.”

पाचपैकी एकही स्टॅम्प पेपर लागणार नव्हता. ज्या एका कामाला खरोखर शपथपत्र लागते, ते मात्र त्यांनी केलेले नव्हते. आणि सहावे, जे ते सहज करून टाकणार होते, तेच सगळ्यात धोक्याचे होते.

हे एका घरापुरते असते तर लिहायला बसलो नसतो. पण दर जूनमध्ये हेच बघतो, आणि गेल्या दोन वर्षांत उशिराच्या जन्म नोंदींवरून राज्यात जे काही घडले, त्यानंतर कोणत्या कागदावर आपण काय लिहून देतो हे प्रत्येक घराने समजून घ्यायलाच हवे.

आधी तिघांतला फरक. शपथपत्राला सरकारी कागदांत प्रतिज्ञापत्रही म्हणतात, दोन्ही एकच. आपल्या उर्दूत हलफनामा. हलफ म्हणजे कसम. घरात कुणी उगाच कसम खाल्ली तर आपण टोकतो, पण हलफनाम्यावर न वाचता सही करतो, ही आपली गंमत आहे. शपथपत्रात आपण घडून गेलेली किंवा आज असलेली गोष्ट सांगतो, आणि ती अधिकार असलेल्या माणसासमोर शपथेवर सांगतो. हा माणूस म्हणजे नोटरी, कार्यकारी दंडाधिकारी किंवा न्यायालयाने नेमलेला शपथ आयुक्त. त्याच्यासमोर सही, त्याच्या रजिस्टरला नोंद आणि कागदावर त्याचा शिक्का, हे तिन्ही झाले तरच ते शपथपत्र. घरी सही करून मुलाच्या हाती नोटरीकडे पाठवलेला कागद दिसायला शपथपत्र दिसतो, पण शपथ कुणी घेतलेलीच नसते. स्टॅम्प पेपर घेतला म्हणजे शपथपत्र झाले, असेही नाही. स्टॅम्प हे फक्त शुल्क आहे.

स्वयंघोषणापत्रातही गोष्ट तीच, म्हणजे आज असलेली माहिती. फरक इतकाच की समोर अधिकारी नसतो. साधा कागद, आपला फोटो, आपली सही, तारीख, ठिकाण. नोटरी नको, स्टॅम्प नको.

हमीपत्र मात्र वेगळ्या जातीचा कागद आहे. त्यात काय आहे ते नाही, पुढे काय करीन ते लिहिलेले असते, आणि नाही केले तर काय सोसायला तयार आहे, तेही. अमुक तारखेपर्यंत दाखला आणून देईन, नाही दिला तर प्रवेश रद्द झाला तरी तक्रार करणार नाही. हा करार आहे, साक्ष नाही.

म्हणून कागदाच्या डोक्यावरचे नाव नंतर वाचा, आधी आतले क्रियापद वाचा. ‘शपथेवर सांगतो’ आहे, ‘घोषित करतो’ आहे, की ‘हमी देतो’ आहे? याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे लाडकी बहीण योजना. २०२४ मध्ये घराघरातल्या बायकांनी जो कागद भरून दिला त्याचे नाव हमीपत्र होते. आत काय होते? कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नाही, घरात कुणी आयकर भरत नाही, कुणी सरकारी नोकरीत नाही, चारचाकी नाही. ही हमी नव्हे, ही घोषणा आहे, आणि ज्या दिवशी सही केली त्या दिवशी ती खरी किंवा खोटी होती. पुढे पडताळणी सुरू झाली तेव्हा “आम्ही तर फक्त हमीपत्र दिलं होतं” असे म्हणणाऱ्या काही बहिणी आम्हाला भेटल्या. नाव हमीपत्र असले तरी हिशेब घोषणेचाच होणार.

आता कोणत्या अर्जाला काय. महाराष्ट्रात या बाबतीतला मुख्य कागद म्हणजे सामान्य प्रशासन विभागाचा ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय. त्यात सरकारने ठरवले की कायद्याने किंवा नियमाने जिथे शपथपत्र सक्तीचे आहे ती कामे सोडून बाकी ठिकाणी शपथपत्र मागायचे नाही, स्वयंघोषणापत्र घ्यायचे. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागायची नाही, अर्जदाराने स्वतः साक्षांकित केलेली प्रत घ्यायची. घोषणेचा नमुनाही त्याच निर्णयासोबत दिलेला आहे. दहा वर्षांहून जास्त काळ झाला, तरी तहसील कचेरीबाहेरच्या टेबलांवर ही बातमी पोचलेली नाही, किंवा पोचलेली असून सांगण्यात कुणाचा फायदा नाही.

त्यामुळे उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास म्हणजे डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअरसाठी द्यायची उत्पन्नाची माहिती, रेशन कार्डातली नावे, इथे स्वयंघोषणापत्र. महाडीबीटीवरच्या राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्तीला आपण अल्पसंख्याक समाजाचे आहोत हे विद्यार्थ्याने स्वतः घोषित करायचे असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म ‘मुस्लिम’ लिहिलेला असतो, तो सोबत जोडा. शिक्षणात खंड पडला असेल तर महाडीबीटीला त्याचेही स्वयंघोषणापत्र चालते. एखादे कॉलेज स्वतःच्या नमुन्यात शपथपत्र मागू शकते, म्हणून आधी प्रवेश पुस्तिका बघा, मग स्टॅम्प घ्या.

रॅगिंगच्या कागदाची कथा जरा वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत विद्यार्थी आणि पालक दोघांचे शपथपत्र होते. पुढे ते ऑनलाइन हमीपत्रावर आले. antiragging.in वर माहिती भरायची, ईमेलवर संदर्भ क्रमांक येतो, तो कॉलेजला द्यायचा. आमच्या त्या पालकांनी यासाठी पाचशेचा स्टॅम्प घालवला होता, कारण टायपिंगवाल्याकडे जुना नमुना होता.

मग शपथपत्र लागते कुठे? त्या मुलीच्या बाबतीत जात पडताळणीला. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, दोन्ही २००० च्या कायद्याखाली आणि २०१२ च्या नियमांखाली चालतात, आणि त्या नियमांतच शपथपत्राचे नमुने ठरवून दिलेले आहेत. पडताळणीच्या अर्जासोबत नमुना ३ आणि नमुना १७ अशी दोन शपथपत्रे जातात. वंशावळ आणि जोडलेल्या कागदांचा खरेपणा शपथेवर सांगायचा असतो. इथे स्वयंघोषणापत्र दिले तर अर्जात त्रुटी निघते.

पण यालाही स्टॅम्प लागत नाही. १ जुलै २००४ च्या आदेशाने जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढण्यासाठी आणि सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्रांचे मुद्रांक शुल्क माफ केलेले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेने घेतली तेव्हा जिकडेतिकडे पाचशे मागू लागले. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विद्यार्थ्यांच्या या दाखल्यांना पाचशेचा स्टॅम्प लागणार नाही असे जाहीर केले. म्हणजे नमुना ३ आणि १७ साध्या कागदावर टाइप करा आणि अधिकाऱ्यासमोर शपथ घ्या. बस्स.

या वंशावळीच्या शपथपत्रात आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे बघितले जातात. आपल्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरला जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसते ‘मुसलमान’ असते. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन असे कुणी लिहिलेच नाही. मग टायपिंगवाला सुचवतो, “शपथपत्रात लिहून टाकू, आजोबा बागवान होते.” लिहायला हरकत नाही, ते खरेच आहे. पण शपथपत्र पुराव्याची जागा घेत नाही. समितीला पुरावा लागतो : वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचे पडताळणी प्रमाणपत्र, चुलत आजोबांचा दाखला, धंद्याची नोंद असलेला जुना खरेदीचा किंवा जमिनीचा कागद. शपथपत्राचे काम एवढेच की ज्या चाचांचे प्रमाणपत्र जोडले ते खरोखर आपले चाचा आहेत, हे नाते सांगणे. म्हणून वंशावळीत एकही नाव अंदाजाने टाकू नका. समितीला शंका आली तर प्रकरण दक्षता पथकाकडे जाते, ते घरी येऊन नातेवाइकांना विचारते. शपथपत्रात आजोबांना चार भाऊ आणि दादीअम्मांच्या तोंडून पाच निघाले, तर खरी केससुद्धा संशयात सापडते.

आणि आता हमीपत्र. प्रवेशाच्या वेळी पडताळणी हातात नसेल तर अर्ज केल्याची समितीची पावती आणि ‘मुदतीत प्रमाणपत्र देईन’ असे हमीपत्र, यावर राखीव जागा देण्याची सवलत शासन वेळोवेळी देते. २०२४-२५ च्या प्रवेशांना अशी सहा महिन्यांची मुदत होती. ही सवलत दरवर्षीच्या निर्णयावर असते, मागच्या वर्षी होती म्हणून यंदा धरून चालू नका. या हमीपत्राकडे पालक सगळ्यात कमी लक्ष देतात, कारण त्याला ना शिक्का ना नोटरी. पण मुलीचे वर्ष अडकलेले असते ते याच कागदात. मुदत टळली की प्रवेश जातो आणि “समितीने उशीर केला” हे सांगायला आपल्याकडे काही उरत नाही, कारण तक्रार नसल्याचे आपणच लिहून दिलेले असते. त्यामुळे हमीपत्राची एक प्रत घरी ठेवा. समितीने काढलेल्या प्रत्येक त्रुटीची पूर्तता पोच घेऊन करा. वेळ आलीच तर उशीर आपला नव्हता हे दाखवायला तेवढाच आधार असतो.

स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर असते म्हणून हलके, असा एक समज आहे. ते हलके नाही. २०१५ च्या नमुन्यातच लिहिले आहे की माहिती खोटी निघाली तर दंड संहितेखाली खटला होईल. जुन्या नमुन्यांत १९३, १९९, २०० ही कलमे दिसतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांच्या जागी २२९, २३६ आणि २३७ आली. न्यायालयीन कामकाजाबाहेरच्या खोट्या साक्षीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि कायद्याने पुरावा म्हणून स्वीकारायच्या घोषणेतले खोटे त्याच मापाने मोजले जाते. हमीपत्राचे उलट आहे. मनापासून दिलेली हमी पाळता आली नाही तर तो आपोआप गुन्हा ठरत नाही, पण मिळालेला फायदा परत जातो.

आता त्या सहाव्या कागदाकडे येऊ.

धाकटा मुलगा अकरा वर्षांचा, गावी घरीच जन्मला, नोंद राहून गेली. टायपिंगवाल्याचा मजकूर तयार होता : ‘माझा मुलगा अमुक दिनांकास जन्मला हे मी शपथेवर सांगतो.’ तारीख होती १ जून. कुठून आली? शाळेच्या रजिस्टरवरून. आणि रजिस्टरला कुठून आली, ते आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. पालकाला तारीख आठवत नसली की वय जुळवण्यासाठी १ जून लिहायची, ही महाराष्ट्रातल्या शाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. अर्धा गाव १ जूनचा, हा विनोद आम्हीच तयार केला. पण त्याच तारखेवर बापाने शपथ घेतली की तो विनोद राहत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, २०२३ मध्ये तो बदलला आणि बदल १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. एकवीस दिवसांत नोंद करायची. तीस दिवस ते एक वर्ष उशीर झाला तर पूर्वी नोटरीसमोरचे शपथपत्र लागत होते, आता त्याजागी स्वतः साक्षांकित केलेला कागद, शुल्क आणि अधिकाऱ्याची लेखी परवानगी पुरते. एक वर्ष उलटले तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी खरेखोटे तपासून आदेश देतो, तरच नोंद होते. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होते. ते महसूल खात्याकडे आल्यावर अर्ज वाढले, आणि तिथूनच वाद पेटला.

मालेगावपासून आरोप सुरू झाले की बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिराचे दाखले दिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले, उशिराचे दाखले देणे थांबवले, आणि १२ मार्च २०२५ ला पुराव्यांची कडक तपासणी सांगणारी नवी कार्यपद्धती काढली. तहसील कचेरीतल्या लोकांवर कारवाई झाली आणि अर्जदारांवरही गुन्हे दाखल झाले. या मोहिमेत एकाच समाजाकडे बोट दाखवले गेले, हे आम्हाला उघड दिसते आणि ते चुकीचे आहे. घरी जन्मलेली, नोंद न झालेली मुले प्रत्येक गरीब वस्तीत आहेत. पण त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की दलालाच्या हाती कागद सोपवणाऱ्या माणसाला, आपल्या नावाने काय जोडले गेले हे माहीतच नव्हते. माणूस इथलाच, जन्म इथलाच, फक्त जोडलेला शाळेचा दाखला बनावट. पोलिसांच्या कागदात तो आरोपी झाला, कारण खाली सही त्याची होती.

म्हणून या अर्जात शपथपत्र सगळ्यात शेवटी. आधी जन्म झाला त्या गावच्या ग्रामपंचायतीकडून किंवा पालिकेकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा. मग पुरावे : लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीची नोंद, आशाताईंची किंवा उपकेंद्राची वही, शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा उतारा, आई-वडिलांचे स्वतःचे त्या गावातले कागद. यातून जी तारीख निघेल ती शपथपत्रात, आणि ती कशावरून सांगतो तेही त्यातच. स्वतः बघितलेले ‘माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे’, कागदावरून कळलेले ‘अमुक नोंदीवरून’. बाळंतपण झालेली आई स्वतःच्या माहितीवरून सांगू शकते. बाप त्या वेळी मुंबईला मालाच्या गाडीवर असेल तर त्याने पाहिले असे लिहू नये. आणि शाळेतली तारीख व लसीकरणाची तारीख वेगळी निघाली तर ती लपवू नका, शपथपत्रात फरक आणि त्याचे कारण सरळ लिहा. न सांगितलेला फरक अधिकाऱ्याला सापडला की तो लबाडी वाटतो.

याच धर्तीवर एक गोष्ट नावांबद्दल. ‘शेख रुखसाना बी’ आणि ‘रुखसाना बेगम शेख’ ही एकच व्यक्ती, असे शपथपत्र आपल्याकडे घरोघरी असते. ते एखाद्या अर्जात खुलासा म्हणून चालते, पण त्याने मूळ नोंद बदलत नाही. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधले नाव किंवा तारीख मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शपथपत्राचा गठ्ठा घेऊन आमच्याशी भांडलेले पालक आम्हाला अजून आठवतात. त्यांची चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

कुणी स्वयंघोषणापत्र नाकारून स्टॅम्प मागितला तर आवाज चढवण्यापेक्षा अर्ज रीतसर दाखल करून पावती घ्या आणि नाकारण्याचे कारण लेखी मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना कारण लेखी द्यावे लागते, आणि तीस दिवसांत पहिले अपील करता येते. आमचा अनुभव असा की कारण लेखी मागितले की बहुतेक वेळा साधा कागद चालून जातो.

त्या पालकांच्या पाच स्टॅम्पांचे पैसे गेले ते गेले. मुलीची नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रे दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर झाली. चाचांचे पडताळणी प्रमाणपत्र मिळाले, आणि समितीची पावती प्रवेशाच्या तीन दिवस आधी हातात आली. धाकट्याचे शपथपत्र त्यांनी केले नाही. अम्मीने लोखंडी पेटीतून लसीकरणाचे पिवळे पडलेले कार्ड काढले. त्यावर जन्मतारीख १७ ऑगस्ट आहे. सध्या ते गावच्या ग्रामपंचायतीच्या नोंद नसल्याच्या दाखल्याची वाट बघत आहेत.